गाळलेली जागा आणि तिच्या शेजारची वाक्ये: सीजीएल २०२४ मधील क्लोझ पॅसेजचा अनुभव

कर्मचारी निवड आयोग केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांची सीजीएल परीक्षा घेतो. तिच्या २०२४ च्या फेरीची जाहिरात २४ जून २०२४ रोजी आली आणि अंतिम निकाल १२ मार्च २०२५ रोजी लागला. या साडेआठ महिन्यांत गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान यांचा अभ्यास सर्वांप्रमाणे मीही केला. त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेच्या शेवटी येणाऱ्या पाच गुंफलेल्या प्रश्नांविषयी, म्हणजे पाच शब्द गाळलेल्या उताऱ्याविषयी, क्लोझ पॅसेजविषयी, लिहायचे आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक मुलामुलींना हा भाग शब्दसंपत्तीचा वाटतो. जितके शब्द पाठ तितके गुण, असा समज असतो आणि म्हणून शब्दांच्या याद्या पाठ केल्या जातात. माझा अनुभव असा की या पाच प्रश्नांपैकी बहुतेकांचे उत्तर उताऱ्यातच, गाळलेल्या जागेच्या आधीच्या किंवा नंतरच्या वाक्यात, लिहिलेले असते.

अर्जाचा भाग थोडक्यात सांगते. आयोगाचे संकेतस्थळ त्या वर्षी ssc.gov.in या नव्या पत्त्यावर आले होते आणि जुनी नोंदणी तिथे चालत नसल्यामुळे एकवेळची नोंदणी सर्वांना नव्याने करावी लागली. अर्ज भरताना छायाचित्र अपलोड करायचे नसून तिथल्या तिथे कॅमेऱ्याने काढायचे होते. त्यासाठी पांढरी भिंत आणि दिवसाचा उजेड असलेली जागा आधी पाहून ठेवलेली बरी. शुल्क शंभर रुपये होते. महिलांना ते माफ असल्यामुळे मला भरावे लागले नाही. मुदत २४ जुलैपर्यंत होती, ती पुढे २७ जुलैपर्यंत वाढली. परंतु शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ फार हळू चालते, म्हणून मुदतवाढीवर विसंबून राहू नये. केंद्रासाठी तीन शहरांची पसंती द्यायची असते. मी नांदेड पहिले दिले, कारण तिथे सकाळच्या पाळीसाठीही घरून एका बसने वेळेत पोहोचता येते.

टियर एकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, शंभर प्रश्न आणि साठ मिनिटे असतात. त्यांपैकी पंचवीस प्रश्न इंग्रजीचे, प्रत्येकाला दोन गुण, आणि चुकलेल्या उत्तरामागे अर्धा गुण वजा. या पंचवीसमधील पाच प्रश्न सहसा एकाच उताऱ्यावरचे असतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायला घेतल्या तेव्हा पडद्यावरच्या मांडणीची एक गोष्ट ध्यानात आली आणि ती पुढे सतत उपयोगी पडली. उतारा पूर्ण दिसतो, पण पर्याय एका वेळी एकाच जागेचे दिसतात. त्यामुळे पहिली जागा, तिचे चार पर्याय, मग दुसरी जागा, अशा क्रमाने जाण्याची ओढ आपोआप निर्माण होते आणि नजर गाळलेल्या जागेच्या वाक्याबाहेर जातच नाही. प्रश्न रचणाऱ्याने मात्र पर्याय असे निवडलेले असतात की त्या एका वाक्यापुरते दोन किंवा तीन शब्द व्यवस्थित बसावेत.

आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी एक निवृत्त इंग्रजी शिक्षक येत असत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले, “बाई, पर्याय झाकून उतारा वाच. तुला कोणता शब्द सुचतो, ते आधी कागदावर लिही, आणि तो कोणत्या वाक्यामुळे सुचला, ते त्याच्या शेजारी लिही.” मराठीत लिहिला तरी चालेल, असेही ते म्हणाले. ही दुसरी अट, म्हणजे पुराव्याचे वाक्य लिहिण्याची, मला सुरुवातीला जाचक वाटली. एका उताऱ्याला बराच वेळ जाई आणि मॉक टेस्टमध्ये तर एवढा वेळ नसतोच. पण जुलै सरता सरता हात बसला आणि कागदावर लिहिण्याची गरज कमी होत गेली.

त्यांनीच मला या प्रकारामागचा थोडा इतिहास सांगितला. विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ मध्ये ही पद्धत मांडली ती विद्यार्थ्याची परीक्षा घेण्यासाठी नव्हे, तर वृत्तपत्रातील मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी. त्यात ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ दर पाचवा, शब्द यांत्रिकपणे काढला जाई. स्पर्धा परीक्षांतील उताऱ्यात तसे नसते. कोणता शब्द काढायचा हे रचणारा विचारपूर्वक ठरवतो. पुढे लाइल बॅकमन यांनी १९८५ च्या एका अभ्यासात, जागा भरण्यासाठी वाचकाला किती दूरवर पाहावे लागते यावरून जागांचे चार वर्ग केले: उपवाक्यातच उत्तर मिळणारी, त्याच वाक्याच्या दुसऱ्या उपवाक्यात मिळणारी, दुसऱ्या वाक्यात मिळणारी आणि उताऱ्याबाहेरच्या माहितीवर अवलंबून असणारी. ही विभागणी मला फार कामाची वाटली. जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रत्येक जागेपुढे मी या चारांपैकी एक खूण करू लागले, आणि कुठे लगेच उत्तर द्यायचे व कुठे थांबून शेजारी पाहायचे, याचा अंदाज त्यातून येऊ लागला.

आता एक उतारा पूर्ण सोडवून दाखवते. हा मी मैत्रिणींच्या सरावासाठी आयोगाच्या धर्तीवर रचला होता. इंग्रजी वाक्ये इथे देवनागरीतच लिहिते आहे.

“दि ओल्ड स्टेपवेल इन अवर व्हिलेज वॉज वन्स अ (१) प्लेस. विमेन केम ॲट डॉन विथ देअर पॉट्स, अँड चिल्ड्रन प्लेड ऑन द स्टेप्स अंटिल डस्क. व्हेन टॅप्स अराइव्ह्ड, पीपल बिगॅन टू (२) इट. नोबडी रिमूव्ह्ड द सिल्ट, अँड वीड्स कव्हर्ड द लोअर स्टेप्स. (३), द वेल नेव्हर ड्राइड अप. लास्ट समर द टॅप्स फेल्ड, अँड द व्हिलेजर्स (४) टू इट. दे नाउ वाँट टू फिनिश क्लीनिंग इट (५) द मान्सून. वन्स द रेन्स बिगिन, द लोअर स्टेप्स विल बी अंडर वॉटर.”

पहिल्या जागेचे पर्याय आहेत बिझी, डिझर्टेड, सेक्रेड आणि नॅरो. फक्त पहिले वाक्य वाचले तर चारही शब्द बसतात. जुनी बारव म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाच्या मनात देवकोष्ठे, पूजा, गावाची श्रद्धा हे सारे येते आणि हात सेक्रेडकडे वळतो. पण उताऱ्यात श्रद्धेविषयी एक अक्षरही नाही. पुरावा पुढच्या वाक्यात आहे: पहाटे बायका घागरी घेऊन येत, मुले संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर खेळत. म्हणजे गजबजलेली जागा, म्हणून बिझी. डिझर्टेड हा पर्यायही विनाकारण दिलेला नाही. दोन वाक्यांनंतर तण माजल्याचा उल्लेख येतो आणि घाईने वाचणारा तो पुरावा इथे आणून लावतो. त्याला अडवणारा शब्द गाळलेल्या जागेच्या लगेच आधी आहे, ‘वन्स’, म्हणजे एकेकाळी. शेजारचे वाक्य पाहताना ते त्याच काळाविषयी बोलत आहे का, हे तपासावे लागते ते यासाठीच. उताऱ्याच्या पहिल्या वाक्यात जागा असेल तर डावीकडे काहीच नसते, सर्व पुरावा उजवीकडे असतो. तेव्हा अशी जागा दुसरे वाक्य वाचल्याखेरीज भरायचीच नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता.

दुसऱ्या जागेचे पर्याय आहेत निग्लेक्ट, वर्शिप, डीपन आणि शेअर. तिसऱ्या जागेचे देअरफोर, सिमिलरली, नेव्हरदलेस आणि अदरवाइज. या दोन जागा एकत्र पाहाव्यात, कारण यांतच सर्वात फसवी गोष्ट दडली आहे. समजा कोणी दुसऱ्या जागी डीपन घेतले. नळ आले आणि लोकांनी विहीर खोल करायला घेतली. मग तिसऱ्या जागी देअरफोर अगदी छान बसते: खोल केली, म्हणून ती कधी आटली नाही. दोन चुकीची उत्तरे एकमेकांना दुजोरा देतात आणि सोडवणाऱ्याला वाटते की अर्थ जुळला. हे टाळण्याचा एकच मार्ग मला सापडला. एका जागेचा पुरावा दुसऱ्या गाळलेल्या जागेत शोधायचा नाही, तर ज्या वाक्यात काहीही गाळलेले नाही अशा पूर्ण वाक्यात शोधायचा. इथे ते वाक्य आहे चौथे: कोणी गाळ काढला नाही, खालच्या पायऱ्यांवर तण माजले. हे वाक्य डीपनला पूर्णपणे बाद करते आणि निग्लेक्ट निश्चित करते.

तिसऱ्या जागेसाठीही तेच वाक्य लागते, पण दुसऱ्या बाजूने. जोडशब्दाची जागा नेहमी दोन्हीकडे पाहून भरावी लागते, कारण त्या शब्दाचे कामच दोन विधानांमधील नाते सांगणे हे असते. डावीकडे विहिरीची हेळसांड, उजवीकडे ती न आटणे. दुसरी गोष्ट पहिलीमुळे घडलेली नाही, उलट पहिली असूनही घडली आहे, म्हणून नेव्हरदलेस. अशा जागी मी पर्याय न पाहता मनात मराठी जोडशब्द ठेवून पाहत असे: ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘तसेच’, ‘नाहीतर’. दोन्ही वाक्यांमध्ये मराठीत जो शब्द सहज येतो त्याचाच इंग्रजी जोडीदार मग पर्यायांत शोधायचा. हे नाते ठरवायला अवघड इंग्रजी शब्द यावे लागत नाहीत.

चौथ्या जागेचे पर्याय रिटर्न्ड, ऑब्जेक्टेड, बिलाँग्ड आणि कंट्रिब्यूटेड असे आहेत. या चारही क्रियापदांपुढे ‘टू’ चालतो, म्हणजे व्याकरणाचा आधार मुद्दाम काढून घेतलेला आहे. नळ बंद पडले हे त्याच वाक्यात कळते, त्यावरून विहिरीकडे वळणे सुचते. परंतु परतण्यासाठी पूर्वी तिथे असावे लागते, आणि लोक पूर्वी तिथे येत असत हे सांगणारे वाक्य लगेच शेजारी नसून थेट उताऱ्याच्या सुरुवातीला आहे. शेजारच्या वाक्यांची ही मर्यादा लक्षात असू द्यावी: आधीचे व नंतरचे वाक्य पाहूनही दोन पर्याय उरत असतील तर उताऱ्याची कथा आठवावी, आणि ती आठवता येण्यासाठी पर्याय उघडण्याआधी उतारा एकदा सलग वाचलेला असावा.

पाचव्या जागेचे पर्याय बिफोर, सिन्स, डिस्पाइट, ड्युरिंग. ‘दे नाउ वाँट’ या भविष्याकडे पाहणाऱ्या रचनेत सिन्स बसत नाही, एवढे त्याच वाक्यावरून कळते. ड्युरिंग बसते, आणि पावसाळ्यात विहीर साफ करण्याचा बेत असंभव नाही. शेवटचे वाक्य सांगते की पाऊस सुरू झाला की खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातील. त्यामुळे काम पावसाळ्याआधी संपवणे भाग आहे आणि पावसाला न जुमानता ते करण्याचा प्रश्नच उरत नाही. उत्तर बिफोर. मी स्वतः हा उतारा सोडवला असता तर पाचवी जागा सर्वात आधी भरली असती, मग दुसरी, तिसरी, पहिली आणि चौथी. जिचा पुरावा सर्वात जवळ आणि सर्वात स्पष्ट, ती आधी, कारण भरलेली प्रत्येक जागा पुढच्या जागेसाठी आणखी एक पूर्ण वाक्य तयार करून देते.

आणखी एक प्रकार वेगळा सांगण्याजोगा आहे, कारण तो जुन्या प्रश्नपत्रिकांत मला वारंवार दिसला. ‘धिस’ किंवा ‘सच’ या शब्दांनंतर नाम गाळलेले असते. उदाहरणार्थ: “द प्राइस ऑफ अनियन्स फेल बाय हाफ इन अ वीक. धिस (१) लेफ्ट मेनी फार्मर्स अनेबल टू रिपे देअर लोन्स.” पर्याय डिक्लाइन, डिले, डिसिजन, डिस्प्यूट. दुसऱ्या वाक्यात शेतकरी कर्ज फेडू शकत नाहीत, आणि त्याला उशीर, निर्णय, तंटा यांपैकी काहीही कारण असू शकते. पण ‘धिस’ मागे बोट दाखवतो, आणि मागे भाव निम्म्यावर आल्याचे सांगितले आहे. त्या संपूर्ण वाक्याला दिलेले नाव म्हणजे डिक्लाइन. अशा ठिकाणी पुढच्या वाक्याकडे पाहण्यात वेळ घालवू नये, उत्तर जवळजवळ नेहमी मागे असते.

सर्वच जागा मात्र शेजारच्या वाक्यांनी सुटत नाहीत. चारही पर्याय एकाच क्रियापदाची रूपे असतील तर आधी कर्ता एकवचनी की अनेकवचनी हे पाहावे; शेजारच्या वाक्यांचा उपयोग तिथे फक्त काळ ठरवण्यापुरता होतो. आणि चारही पर्याय जवळजवळ समानार्थी असतील, जसे मेक, डू, टेक, गिव्ह, तर कोणत्या नामासोबत कोणते क्रियापद रूढ आहे एवढेच विचारलेले असते. तिथे पुरावा शोधत बसणे व्यर्थ आहे. नाम आणि क्रियापद यांच्या अशा रूढ जोड्या वाचनातून आणि वहीत टिपून ठेवण्यातूनच येतात.

टियर एकच्या परीक्षा ९ ते २६ सप्टेंबर २०२४ या काळात झाल्या. केंद्रावर घड्याळ, दागिने आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे मनगटावर वेळ पाहण्याची सवय असेल तर सरावातच पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहायला शिकावे. इंग्रजीसाठी मी साधारण पंधरा मिनिटे धरली होती आणि त्यांतील तीन ते चार उताऱ्यासाठी. माझे हात थंड पडले होते आणि उताऱ्याचे पहिले वाचन नीट डोक्यात शिरले नाही, म्हणून ते पुन्हा केले. तो अर्धा मिनिट पुढे वसूल झाला. कच्च्या कागदावर एक ते पाच आकडे मांडून प्रत्येकापुढे डावा किंवा उजवा बाण काढला, म्हणजे पुरावा कोणत्या बाजूला आहे ते. ज्या जागेला बाणच काढता आला नाही ती रूढ जोडीची आहे असे समजून पहिल्या सुचलेल्या उत्तरावर ठेवली आणि पुढे गेले.

अंदाज करावा की जागा सोडावी, याविषयी अभ्यासिकेत फार वाद होत असत. हिशेब सोपा आहे. टियर एकमध्ये बरोबर उत्तराला दोन आणि चुकीला उणे अर्धा, म्हणजे डोळे मिटून निवडले तरी सरासरीने एक अष्टमांश गुण पदरी पडतो, आणि दोन पर्याय पुराव्याने बाद केले असतील तर पाऊण गुण. टियर दोनमध्ये बरोबरला तीन आणि चुकीला उणे एक असल्यामुळे डोळे मिटून केलेल्या निवडीची सरासरी शून्य येते. दोन पर्याय बाद केल्यानंतर मात्र ती एक गुण होते. म्हणून टियर दोनमध्ये मी स्वतःला असे बजावले होते की निदान एक पर्याय कोणत्या वाक्यामुळे बाद होतो हे सांगता आले, तरच टिचकी मारायची.

टियर एकची उत्तरतालिका ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली. आपण दिलेली उत्तरे, पर्याय आणि आयोगाने ग्राह्य धरलेले उत्तर त्यात शेजारी शेजारी दिसते. एका प्रश्नावर हरकत घ्यायला शंभर रुपये भरावे लागत होते. माझ्या मैत्रिणीला उताऱ्यातील एका उत्तराविषयी शंका होती. आम्ही दोघींनी तिचा पर्याय घालून आधीचे व नंतरचे वाक्य मोठ्याने वाचले, तेव्हा नंतरच्या वाक्यातील ‘ऑल्सो’ या शब्दामुळे आयोगाचेच उत्तर टिकते हे तिला पटले आणि तिने हरकत घेतली नाही. हरकत घ्यायचीच असेल तर “माझाही शब्द अर्थाने चालतो” एवढे लिहून भागत नाही. उताऱ्यातील कोणते वाक्य आयोगाच्या उत्तराच्या विरोधात जाते ते नेमके उद्धृत करावे. आणि हरकत घ्यायची नसली तरी ही उत्तरपत्रिका मुदतीत डाउनलोड करून ठेवावी, कारण दुवा काही दिवसांनी बंद होतो आणि टियर दोनच्या सरावासाठी आपल्या स्वतःच्या उताऱ्याइतके उपयुक्त दुसरे काही नसते.

निकालाची वाट पाहण्याचे दोन महिने कठीण गेले. घरातले काही विचारत नसत, पण त्यांच्या न विचारण्याचेही ओझे वाटत असे. निकाल ५ डिसेंबर रोजी लागला आणि टियर दोन १८ ते २० जानेवारी २०२५ या दिवसांत ठरली, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे होते. टियर दोनच्या इंग्रजीत पंचेचाळीस प्रश्न असतात आणि त्यांना सामान्यज्ञानाच्या पंचवीस प्रश्नांसह एकच तास मिळतो. या सहा आठवड्यांत मी नवे उतारे कमी सोडवले. सोडवलेलेच पुन्हा घेतले आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो कोणत्या वाक्यामुळे चुकीचा ठरतो ते लिहिले. बरोबर शब्द का बरोबर हे सांगण्यापेक्षा चुकीचा का चुकीचा हे सांगणे अधिक अवघड होते आणि परीक्षेत उपयोगही त्याचाच अधिक झाला, कारण वजा होणारा प्रत्येक गुण तिथे मोजला जातो.

अंतिम यादीत माझा क्रमांक होता आणि पसंतीक्रमातील खालच्या एका पदासाठी नाव आले. वहीतील खुणा केलेल्या उताऱ्यांच्या छायाप्रती अभ्यासिकेत ठेवल्या आहेत. पुढच्या तुकडीतील मुलींना एकच विनंती केली आहे: माझी उत्तरे आधी झाकावीत, स्वतःचे बाण काढावेत, आणि जिथे आपला बाण माझ्यापेक्षा वेगळ्या बाजूला जाईल तिथे थांबून ती दोन वाक्ये पुन्हा वाचावीत.